शून्य आले, पण दिशा किती?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकणारा माझा एक विद्यार्थी परीक्षेहून परतला तो खुशीतच. "सर, आयगेन मूल्यांचे गणित पक्के बरोबर आहे. कॅल्क्युलेटरवर तपासले, शून्य आले!" निकाल लागला तेव्हा त्या प्रश्नाचे निम्मे गुण गेले होते. कॅल्क्युलेटर खोटे बोलला नव्हता. त्याला जे विचारले गेले त्याचेच उत्तर त्याने दिले होते. परीक्षेतला प्रश्न मात्र वेगळा होता. हा फरक तुम्हाला आताच समजला, तर पुढे कॉलेजात ही चूक तुमच्या हातून होणार नाही.

प्रथम आयगेन मूल्य म्हणजे काय ते पाहू. सोलापुरी चादर घ्या. तिच्यावर खडूने काही रेघा ओढा आणि दोघांनी दोन टोकांना धरून ती लांबीच्या दिशेने ताणली आहे अशी कल्पना करा. ताण्याच्या धाग्याला समांतर असलेली रेघ लांबेल, पण वळणार नाही. बाण्याला समांतर असलेली रेघही वळणार नाही. तिरप्या रेघांचा कल मात्र बदलेल. मॅट्रिक्स हेच काम संख्यांनी करते. ती एका सदिशाचा दुसरा सदिश बनवते. बहुतेक सदिश त्यात वळतात, पण काहींची दिशा तीच राहते आणि फक्त लांबी काही पटींनी बदलते. ती पट म्हणजे आयगेन मूल्य, आणि तो न वळणारा सदिश म्हणजे आयगेन सदिश.

आता ही मॅट्रिक्स पाहा.

```
      2  2  1
A =   1  3  1
      1  2  2
```

हिने (१, १, १) या सदिशाला गुणा. प्रत्येक ओळीची बेरीज ५ आहे, म्हणून उत्तर (५, ५, ५) येते. दिशा तीच राहिली आणि लांबी पाचपट झाली. म्हणजे ५ हे एक आयगेन मूल्य झाले. उरलेली मूल्ये काढण्यासाठी det(A − λI) = 0 हे समीकरण मांडतात. येथे I म्हणजे एकक मॅट्रिक्स. निश्चयक उलगडला की हे समीकरण मिळते:

```
λ³ − 7λ² + 11λ − 5 = 0
```

याचे अवयव (λ − 1)²(λ − 5) असे पडतात. म्हणून मूल्ये १, १ आणि ५.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत असेल, तर ताळा असा करतात. fx-991ES सारख्या यंत्रावर MODE दाबून MATRIX निवडायचे. MatA मध्ये आपली मॅट्रिक्स भरायची आणि MatC मध्ये एकक मॅट्रिक्स. मग हे दोन हिशेब करायचे:

```
det(MatA-MatC)
det(MatA-5MatC)
```

दोन्ही वेळा ० आले, की १ आणि ५ ही मूल्ये बरोबर ठरतात. पण एखाद्याने घाईत १, ५, ५ असे लिहिले असेल तर? त्याचाही ताळा जुळेल, कारण यंत्रात घातलेल्या संख्या त्याच आहेत! कोणते मूल्य दोनदा येते हे या शून्यातून कळत नाही. त्यासाठी आणखी एक साधा ताळा आहे. आयगेन मूल्यांची बेरीज मुख्य कर्णावरील संख्यांच्या बेरजेएवढी असते, आणि त्यांचा गुणाकार निश्चयकाएवढा असतो. आपल्या मॅट्रिक्समध्ये कर्णाची बेरीज २ + ३ + २ = ७, आणि निश्चयक ५. १, १, ५ यांची बेरीज ७ व गुणाकार ५, म्हणजे ही मूल्ये जुळतात. १, ५, ५ यांची बेरीज ११ होते, तेथेच चूक सापडते.

शून्याबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. मूल्य २.६१८०३... असे न संपणारे असेल आणि आपण २.६१८ एवढेच भरले, तर मूल्य बरोबर असूनही निश्चयक नेमका शून्य येत नाही, शून्याजवळची एखादी संख्या येते. उलट, वरच्या मॅट्रिक्समध्ये १ च्या जागी चुकीचे १.०१ घालून पाहा. निश्चयक सुमारे ०.०००४ येतो. मूल्य दुहेरी असल्यामुळे एक शतांशाची चूक वर्ग होऊन इतकी बारीक दिसते. म्हणून नुसते "जवळजवळ शून्य आले" एवढ्यावर विसंबू नये.

आता माझ्या विद्यार्थ्याचे गुण कोठे गेले ते पाहू. त्याच्यापुढे दुसरी एक मॅट्रिक्स होती. ती साधारण अशी:

```
      0    1   0
B =   0    0   1
      5  −11   7
```

हिच्या कर्णाची बेरीज ७, निश्चयक ५, आणि लाक्षणिक समीकरण अगदी A चेच. मूल्येही १, १, ५. कॅल्क्युलेटरवर वरचे दोन्ही हिशेब MatB घेऊन केले, तरी शून्यच येते. यंत्राच्या दृष्टीने A आणि B सारख्याच. प्रश्न होता: या मॅट्रिक्सचे कर्णरूप करता येईल का? त्याने लिहिले, "होय." कर्णरूप करायचे तर तीन स्वतंत्र न वळणाऱ्या दिशा लागतात. त्या आहेत का, हे त्याने पाहिलेच नाही.

आपण पाहू. A मधून I वजा करा. तिन्ही ओळी १, २, १ अशा सारख्याच येतात. म्हणजे अट एकच उरली: x + 2y + z = 0. ही अट पाळणारे दोन स्वतंत्र सदिश सहज सापडतात, उदाहरणार्थ (१, ०, −१) आणि (२, −१, ०). त्यांत (१, १, १) मिळवला की तीन दिशा पुऱ्या झाल्या. A चे कर्णरूप होते.

आता B मधून I वजा करा. पहिली ओळ −१, १, ० आणि दुसरी ०, −१, १ अशी येते. पहिली सांगते y = x, दुसरी सांगते z = y. म्हणजे (१, १, १) ही एकच दिशा उरली. मूल्य १ दोनदा आले, पण त्याला दिशा मिळाली एकच. मूल्य ५ साठी (१, ५, २५) ही एक. एकूण दोनच दिशा, तिसरी नाही. B चे कर्णरूप होत नाही.

निश्चयक शून्य आला याचा अर्थ "निदान एक तरी न वळणारी दिशा आहे" एवढाच. ती एक आहे की दोन, हे त्या शून्यात लिहिलेले नसते. वजाबाकी करून आलेल्या ओळींपैकी स्वतंत्र किती, हे स्वतःच पाहावे लागते. सगळी मूल्ये वेगवेगळी असतील तर ही अडचण येत नाही, कारण प्रत्येक मूल्याला निदान एक दिशा असतेच. मूल्य पुन्हा आले, की कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ओळी मांडायच्या.

यासाठी परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी करावी असे मला वाटत नाही. बेरीज-गुणाकाराच्या चुका तो पकडतो, आणि तीन बाय तीनच्या निश्चयकात अशा चुका फार होतात. शिक्षकांना मात्र विनंती आहे, की A आणि B सारखी जोडी फळ्यावर शेजारी शेजारी मांडावी आणि नुसती मूल्ये न विचारता दिशा विचाराव्यात. मग यंत्र हाती असूनही मुलांना स्वतः विचार करावाच लागेल.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. पहिली ओळ ३, १ आणि दुसरी ओळ −१, १ अशी दोन बाय दोनची मॅट्रिक्स घ्या. तिची मूल्ये काढा, कर्णाच्या बेरजेने ताळा करा, आणि न वळणाऱ्या दिशा किती आहेत ते सांगा. याला कॅल्क्युलेटर लागणार नाही.