नऊ ठळक आकडे आणि एक साधा आकडा

काशीत शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. घाटावरच्या गल्लीत राहणाऱ्या एका मराठी घरातून या आठवड्यात माझ्याकडे रक्ताचा रिपोर्ट आला. रिपोर्ट ७२ वर्षांच्या सासूबाईंचा आणि पाठवणाऱ्या सूनबाई. सासूबाई साताऱ्याकडून लग्न होऊन काशीत गेल्या, वाचन आजही मराठीच. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर हिंदी बोलणारे. सूनबाईंनी लिहिलं होतं, ‘‘आईंना स्वतःला वाचता येईल असं सगळं मराठीत करून द्या. आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, तेही सांगा. नऊ आकडे ठळक छापलेत, आई दोन दिवस नीट जेवलेल्या नाहीत.’’

रिपोर्ट मराठीत आणताना मी तपासणीचं नाव बदलत नाही. ‘क्रिएटिनिन’ला ‘क्रिएटिनिन’च लिहितो, कारण तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडी असतो. शेजारी साध्या मराठीत एक ओळ लिहितो: मूत्रपिंडं रक्तातून जो कचरा बाहेर टाकतात त्याची पातळी. त्यापुढे आजचा आकडा आणि त्याच लॅबची छापील मर्यादा. दुसऱ्या लॅबची मर्यादा इथे आणायची नाही, यंत्र आणि पद्धत बदलली की मर्यादाही थोडी सरकते. एककही जसंच्या तसं ठेवायचं. एक लॅब प्लेटलेट ‘४.९ लाख’ छापते, दुसरी तीच संख्या ‘४९०’ अशी हजारांत देते, आणि घरात गोंधळ उडतो. शेवटचा रकाना मागच्या रिपोर्टमधल्या आकड्याचा. बहुतेक जण हाच रकाना गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तोच असतो.

आता ठळक आकड्यांविषयी. ‘नॉर्मल रेंज’ ठरते कशी? निरोगी माणसांची तपासणी करून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच जण मर्यादेबाहेर छापले जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के असते. यंत्र मर्यादा बघून अक्षरं ठळक करतं. माणूस कोण, वय काय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सूनबाईंकडून दोन गोष्टी मागवल्या: गेल्या वर्षीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. रक्तदाबासाठी टेलमिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकाच गोळीत. शिवाय गुडघ्यांसाठी एसिक्लोफिनॅक, मेडिकलमधून आपणच आणलेलं, आठवड्यातून चार-पाच दिवस.

नऊपैकी सहा आकडे एकाच घरातले निघाले. हिमोग्लोबिन ९.४, गेल्या वर्षी १२.३ होतं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, कमी. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६९. लॅबची खालची मर्यादा ८३. एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं हिमोग्लोबिन, तेही कमी. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेली. प्लेटलेट ४.९ लाख, तेही थोडे जास्त. घरात सर्वांत जास्त घबराट या शेवटच्या दोन आकड्यांची होती, कारण तिथे ‘वाढलंय’ असं दिसत होतं. पण शरीरातलं लोह आटलं की पेशी लहान होतात, लहानमोठ्या निपजतात आणि प्लेटलेटही अनेकदा वाढतात. सहा आकडे सहा आजार सांगत नाहीत, एकच गोष्ट सहा तोंडांनी सांगतात. फेरिटिन ही तपासणी केली की लोहाची कमतरता पक्की कळते.

आपण ‘हिमोग्लोबिन कमी’चं भाषांतर ‘रक्त कमी’ असं करतो आणि लगेच बीट, खजूर, गूळ सुरू होतो. तरुण बाईच्या बाबतीत लोह मासिक पाळीतून जातं, असं म्हणायला जागा असते. पाळी बंद होऊन वीस-बावीस वर्षं झालेल्या बाईचं लोह वर्षभरात एवढं घटलं, तर ते कुठून तरी गळत असण्याची शंका आधी घ्यावी लागते. एसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त झिरपू शकतं. मोठ्या आतड्यातली गाठही कित्येक महिने अशीच थेंब थेंब रक्त घालवते, पोटात काही दुखत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘लोहाची गोळी देता का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘लोह जातंय कुठे, त्यासाठी दुर्बिणीची तपासणी लागेल का?’ असं विचारायचं. शौचाला काळं, डांबरासारखं होतं का, हे लोहाची गोळी सुरू करण्याआधी बघून ठेवायचं, कारण त्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो आणि मग काही कळत नाही.

सातवा आकडा सोडियमचा, १२८. मर्यादा १३५ ते १४५. घरात कुणालाच याची काळजी वाटली नव्हती, सातचाच तर फरक! पण सगळ्यात आधी फोन करायचा तो याच आकड्यासाठी. सोडियमपुढे ‘मीठ’ असं लिहिलं की घात होतो. सासूबाई वरणात चिमूटभर मीठ जास्त घालून मोकळ्या होतील, आणि वर रक्तदाब चढेल. सोडियम कमी येतं ते बहुतेक वेळा रक्तात पाण्याचं प्रमाण वाढल्यामुळे, आणि वयस्कर बायकांत क्लोरथॅलिडोनसारखी लघवीवाटे पाणी-क्षार काढणारी गोळी हे त्याचं नेहमीचं कारण असतं. म्हणून मी तिथे लिहिलं: ‘रक्तातल्या पाणी-क्षारांचा तोल. कमी आहे. गोळीमुळे असू शकतं.’ आणि खाली: ‘आजच डॉक्टरांशी बोला. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, मीठ वाढवू नका.’ सूनबाईंना फोनवर विचारलं तेव्हा कळलं, की सासूबाईंचा दोन आठवड्यांपासून तोल जातो, घाटाच्या पायऱ्या त्या आता उतरतच नाहीत. घरच्यांनी ते गुडघ्यांवर ढकललं होतं. असा माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, सारख्या उलट्या झाल्या किंवा झटका आला, तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. तिथून कबीरचौऱ्याचं सरकारी रुग्णालय जवळ आहे.

आठवा आकडा पोटॅशियम, ५.६, म्हणजे जास्त. इथे रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती कुणी वाचली नव्हती: नमुना ‘हिमोलाइज्ड’, म्हणजे नळीतच तांबड्या पेशी फुटलेल्या. पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आत असतो. पेशी फुटल्या की तो बाहेर सांडतो आणि आकडा खोटा फुगतो. बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं किंवा नळी जोरात हलवली की पेशी फुटतात. नमुना बराच वेळ पडून राहिला तरी पोटॅशियम पेशींतून झिरपतं. गल्लीबोळांतून घरोघरी नमुने घेत फिरणारा मुलगा शेवटच्या घरी पोचेपर्यंत पहिल्या घराची नळी पिशवीतच असते. तरीही हा आकडा खोटा म्हणून सोडून देता येत नाही. टेलमिसार्टनने पोटॅशियम खरोखरच वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. उत्तर एकच: त्याच दिवशी, शक्यतो लॅबमध्येच जाऊन पुन्हा रक्त द्यायचं. पोटॅशियम सहाच्या वर असेल तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही.

नववा आकडा एचबीए१सी, ६.३. याने घरातली साखर बंद झाली होती. ही मर्यादा निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्क्यांतून आलेली नाही, ती रोगाची सीमा म्हणून ठरवलेली आहे: ५.७ पासून मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून मधुमेह. पण लोहाच्या कमतरतेत हा आकडा साखर न वाढताही थोडा वर सरकू शकतो. म्हणून डॉक्टरांना सांगायचं: लोह कमी दिसतंय, तेव्हा उपाशीपोटीची साखर बघून ठरवूया का?

आता ठळक नसलेला आकडा. क्रिएटिनिन १.१. लॅबची वरची मर्यादाही १.१, म्हणून यंत्र गप्प राहिलं. गेल्या वर्षी तो ०.८ होता. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि वयस्कर, बारीक बाईच्या अंगात स्नायू कमी. त्यामुळे जो आकडा तिशीतल्या पुरुषात बिनघोर असतो, तोच तिच्यात मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटल्याचं दाखवतो. वय आणि लिंग धरून मूत्रपिंड किती गाळतं, याचं गणित असतं. त्याला ईजीएफआर म्हणतात. त्यात ०.८ चे सुमारे ७८ येतात आणि १.१ चे सुमारे ५३. साठच्या खाली तीन महिने राहिलं तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. शिवाय टेलमिसार्टन, लघवीची गोळी आणि एसिक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक ही तिन्ही एकत्र म्हणजे मूत्रपिंडाला त्रासदायक ठरणारं त्रिकूट, डॉक्टरांच्या ओळखीचं. मजा अशी, की लॅबच्या कागदावर औषधांचं नावच नसतं.

माझ्या मराठी कागदावर शेवटी तीनच प्रश्न उरले. सोडियम १२८ आणि तोल जातोय, रक्तदाबाची गोळी बदलायची का, आणि पोटॅशियम आज पुन्हा तपासायचं का? हिमोग्लोबिन वर्षात तीनने उतरलं, रक्त कुठे जातंय? क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ वर गेलं, गुडघ्यांच्या गोळीऐवजी दुसरं काय घेता येईल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट न बघता, मेडिकलमधून आणलेली ती गोळी तेवढी त्याच दिवसापासून बंद करा, असं मात्र मी सांगितलं. ती कुणी लिहून दिलेली नव्हती.

वाचकहो, रिपोर्ट पाठवताना पहिलं पान ते शेवटची बारीक ओळ, सगळी पानं पाठवा. मागचा एखादा रिपोर्ट जोडा, आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, डॉक्टरांनी न लिहून दिलेल्या गोळ्यांसकट. नाव आणि पत्ता झाकला तरी चालेल, वय मात्र झाकू नका.