पाकिटाच्या मागचं आधी, पुढचं नंतर



मागच्या वर्षी आपल्या अचलपूरच्या दुकानात मी जवसाच्या चटणीचं ५० ग्रॅमचं पाकीट ठेवलं होतं. एका ताईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "भाऊ, याच्यात शेंगदाने हायेत का? पोराले चालत नाहीत. मले तं काहीच दिसून नाही राह्यलं." शेंगदाणे होते आणि लिहिलेही होते. पण तपकिरी पट्टीवर पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरात. डिझाइन मीच पास केलं होतं. मी "हो ताई" म्हणालो आणि त्यांनी पाकीट परत ठेवलं. मी काउंटरवर नसतो तर काय झालं असतं?

तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे: डिझाइनरला पहिली जागा घटकांच्या यादीसाठी मागा. लोगो आणि "आजीच्या हातची चव" उरलेल्या जागेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. FSSAI च्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच. मराठी सोबत देता येते, पण नुसती मराठी चालत नाही. शेंगदाण्यासारखी ॲलर्जीची वस्तू वेगळी सांगावी लागते. पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमीपर्यंत असेल तर त्यावर यादीची सूट आहे, मात्र मग ती बाहेरच्या मोठ्या पॅकवर द्यावी लागते. सूट असली तरी "यात शेंगदाणे आहेत" एवढी ओळ लहान पाकिटावरही टाका, असं मी म्हणेन.

आता माझंच पाकीट घ्या. ८ × १२ सेंमी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १९२ चौ. सेंमी. सूट नाही. मागच्या बाजूला चारही कडांचा एक-एक सेंमी सील आणि वळणात जातो. उरतात ६ × १० सेंमी.

आकार: युरोपात इंग्रजीच्या छोट्या x अक्षराची उंची किमान १.२ मिमी लागते, फार लहान पाकिटाला ०.९. आपल्या देवनागरीत त्याच जागेत काने, मात्रा, जोडाक्षरं बसतात, म्हणून मी 'क' शिरोरेषेपासून खाली दीड मिमी तरी भरला पाहिजे असं धरतो. पॉइंटवर विसंबू नका. प्रत्येक फॉन्टचा ८ पॉइंट वेगळा दिसतो. पट्टी लावून मोजा.

जाडी: लहान अक्षर दिसत नाही म्हणून लोक सगळं बोल्ड करतात. इथेच फसतं. बोल्डमध्ये 'ष्ट', 'क्ष' यांची पोटं शाईने भरतात आणि ठिपका उरतो. अगदी बारीक वजन घेतलं तर रेषा तुटते. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे, त्याचं रेग्युलर वजन घ्या. बोल्ड फक्त ॲलर्जीच्या ओळीला.

अंतर: इंग्रजीच्या सवयीने ८ पॉइंटला ९-१० ची ओळ दिली की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. १२ द्या. १२ पॉइंट म्हणजे साधारण ४.२ मिमी. मराठीच्या दोन ओळी, इंग्रजीच्या दोन आणि ॲलर्जीच्या दोन, अशा सहा ओळी अडीच सेंमीत बसतात. दहापैकी अडीच. म्हणजे जागा होती, मी ती फोटोला दिली होती.

रंग: माझी तपकिरी पट्टी चार रंगांची होती. छपाईत एक रंग केसभर सरकला की पांढरं बारीक अक्षर आतून बुजतं. पारदर्शक पाकिटावर काळी अक्षरं टाकली तर मागे लाल चटणी दिसते. उपाय साधा आहे: पांढरी चौकट आणि त्यात एकाच रंगाचा काळा, `C0 M0 Y0 K100`. चारही रंग मिसळून केलेला काळा घेऊ नका, त्याच्या कडा फुटतात.

शेवटी तपासणी. स्क्रीनवर झूम करून ओके देऊ नका. प्रिंट काढताना `Fit` नाही, `Actual size` निवडा. कागद कापून चटणी भरलेल्या पाकिटावर चिकटवा, कारण भरलं की पाकीट फुगतं आणि कडेची अक्षरं वळतात. मग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घरातल्या साठीच्या माणसाला वाचायला द्या. तिसरा घटक कोणता, विचारा. पाकीट डोळ्याजवळ न्यावं लागलं किंवा तिरपं करावं लागलं, तर फाइल परत पाठवा.

फाइल बदलायला एक दिवस लागतो. छापून आलेला रोल बदलता येत नाही. तो मी अजून गोदामात ठेवलाय.