फिल्टरने पुसलेला चेहरा परत मिळतो का?

विशेष प्रतिनिधी

शिरूर / दौंड - मोबाइलच्या पुढील कॅमेऱ्यातून टिपलेल्या बहुतेक छायाचित्रांवर आज ब्युटी फिल्टरचा हात फिरलेला असतो. अनेक फोनमध्ये तो आपोआप सुरू असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यातून दोन परस्परविरोधी समज रूढ झाले आहेत. फिल्टरमुळे चेहरा इतका बदलतो की तो कोणाला बनावट चित्रफितीसाठी वापरता येणार नाही, हा पहिला. नव्या साधनांनी फिल्टर काढून खालचा खरा चेहरा पुन्हा मिळवता येतो, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांत त्यांची किंमत लग्नाच्या अल्बममध्ये जशी मोजावी लागते, तशीच पोलिस ठाण्यातील तक्रारीतही मोजावी लागू शकते.

प्रथम फिल्टर नेमके काय करतो ते पाहू. तो छायाचित्रातील त्वचेचा भाग शोधतो आणि तेथील प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याची व आसपासच्या मिळत्याजुळत्या रंगाच्या पिक्सेलची सरासरी ठेवतो. भुवई, ओठ, पापण्या यांच्या ठळक कडा मात्र तशाच राखल्या जातात. म्हणून चेहरा अस्पष्ट न वाटता नितळ वाटतो. प्रश्न सरासरीचा आहे. शेजारच्या तीन पिक्सेलचा उजेड ११०, १२० आणि १३० असेल तर सरासरी १२० येते. तो ११९, १२० आणि १२१ असेल तरीही १२०च येते. हाती केवळ १२० हा आकडा उरला असता मूळ आकडे कोणते होते, हे जगातील कोणतेही साधन सांगू शकत नाही. फिल्टर सौम्य असेल तर थोडा तपशील शिल्लक राहतो व तो उठावदार करता येतो. परंतु छायाचित्र एकदा संदेशातून पाठवले की आकुंचनात तोही बहुधा नष्ट होतो. मग उठाव देताना रंध्रांऐवजी चौकोनी ठिपके आणि कडांभोवती पांढुरक्या रेषा उमटतात.

मग ‘फिल्टर काढणारी’ साधने काय करतात? जीएफपीगॅन (२०२१) आणि कोडफॉर्मर (२०२२) ही या प्रकारातील प्रसिद्ध नावे. खराब झालेला चेहरा सुधारण्यासाठी ती बनवली गेली. फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७० हजार चेहऱ्यांच्या एका संचावर ती शिकलेली आहेत. गुळगुळीत गाल समोर आला की अशा गालावर साधारणपणे कशी त्वचा असते, याचा अंदाज बांधून ती नवी त्वचा रंगवतात. ती खरी भासते, पण ती त्या व्यक्तीची नसते. आपल्याकडे हा फरक चटकन दिसून येतो. आजीच्या कपाळावरचे वा हनुवटीवरचे गोंदण, गालावरचे देवीचे व्रण, उन्हात रापलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषा हे फिल्टरने पुसले असेल, तर साधन ते परत आणत नाही. अर्धवट उरलेले गोंदण तर ते पुष्कळदा डाग समजून पुसून टाकते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, शिरूरमधील एका लग्नाच्या सामूहिक छायाचित्रात वधूच्या मावशीचे डोळे मिटलेले आले. अल्बम करणाऱ्याने तिच्याच संमतीने तिचा दुसरा चेहरा तेथे बसवायचे ठरवले आणि तिने फोनमधील सेल्फी पाठवली. मूळ सेल्फी ४००० बाय ३००० पिक्सेलची असून त्यात चेहऱ्याची रुंदी सुमारे १००० पिक्सेल आहे, असे धरू. चेहरा साधारण १४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दर मिलिमीटरला सात पिक्सेल. त्वचेचे रंध्र येथे एक-दोन पिक्सेलचे असते, तर तीन मिलिमीटरचा तीळ वीसेक पिक्सेलचा. फिल्टर पहिल्यांदा रंध्रे खातो, मग तीळ फिका करतो. संदेशातून नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यावर छायाचित्राची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि चेहरा ४०० पिक्सेलचा उरतो. आता रंध्र एका पिक्सेलहूनही लहान झाले. अल्बम करणाऱ्याच्या हाती जे आले, त्यात काढून टाकण्यासारखा फिल्टर उरलेलाच नाही, कारण त्याच्याखाली काही शिल्लक नाही.

अशा वेळी शहाणा कारागीर फिल्टरच्या मागे न लागता मूळ छायाचित्राच्या मागे लागतो. फिल्टर नंतर गॅलरीत लावला असेल तर अनेक फोनमध्ये ‘मूळ स्थितीत आणा’ हा पर्याय मिळतो, आणि ती प्रत संदेशाऐवजी फाइल म्हणून पाठवली की तपशील टिकतो. फिल्टर टिपतानाच लागला असेल तर मूळ प्रत बहुधा अस्तित्वातच नसते. मग मावशीचे नवे छायाचित्र घेणे हाच मार्ग: मागील कॅमेऱ्याने, फिल्टर बंद करून, मांडवात प्रकाश ज्या बाजूने होता त्याच बाजूने प्रकाश घेऊन. बसवलेल्या चेहऱ्यावर शेवटी सामूहिक छायाचित्रातील इतर चेहऱ्यांइतकेच कॅमेऱ्याचे बारीक दाणे आणावे लागतात. नाही तर पन्नास माणसांत एकच चेहरा मेणाचा दिसतो.

येथवर प्रश्न संमतीच्या कामाचा होता. बनावट चित्रफितीचा प्रश्न निराळा, आणि तेथे पहिला समज कोसळतो. एकाच छायाचित्रावरून चेहरा बदलणारी प्रचलित साधने सेल्फीतील त्वचा उचलतच नाहीत. ती चेहरा ११२ बाय ११२ पिक्सेलच्या चौकटीत लहान करतात आणि त्यातून ५१२ आकड्यांची एक यादी काढतात. डोळ्यांतील अंतर, नाकाचा घाट, जबड्याची ठेवण अशा ओळखीच्या खुणांचे ते सार असते. त्या चौकटीत दर मिलिमीटरला एक पिक्सेलही येत नाही. तीन मिलिमीटरचा तीळ तेथे जेमतेम दोन पिक्सेलचा, आणि रंध्रांचा प्रश्नच नाही. त्वचेचा पोत पुढे ज्या चित्रफितीवर चेहरा बसवला जातो तिच्याकडून, आणि शेवटी अंदाजाने त्वचा रंगवणाऱ्या साधनाकडून येतो. सबब सेल्फीवर फिल्टर होता की नव्हता, याने फसवणूक करणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. गुळगुळीतपणा हे कवच नव्हे.

फरक पडतो तो फिल्टरने आकार बदलला असेल तर. अनेक फिल्टर जबडा निमुळता करतात, डोळे मोठे करतात, नाक बारीक करतात. ही फेरफार ५१२ आकड्यांत उतरते आणि तयार होणारा चेहरा त्या व्यक्तीच्या बहिणीसारखा भासतो. परंतु बदनामीसाठी तेवढे पुरते. गावातील लोकांनी त्या व्यक्तीला प्रोफाइलवर त्याच फिल्टरमधील चेहऱ्याने पाहिलेले असते.

नोव्हेंबर २०२३मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांची बनावट चित्रफीत गाजली, ती याच जातीची होती. ब्रिटनमधील एका भारतीय वंशाच्या तरुणीच्या चित्रफितीवर त्यांचा चेहरा बसवण्यात आला होता. चित्रफितीच्या प्रारंभी क्षणभर मूळ तरुणीचाच चेहरा दिसतो आणि मग तो बदलतो, हे जाणकारांनी दाखवून दिले. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुणाला अटक केली. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत तपासणारे हजारो डोळे असतात आणि मूळ चित्रफीत लवकर सापडते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणीच्या मागे असे डोळे नसतात. आपला चेहरा खोटा आहे, हे तिलाच सांगावे लागते.

नेमक्या याच ठिकाणी फिल्टरचा घोटाळा पुन्हा आडवा येतो. ‘माझ्या गालावर तीळ आहे, चित्रफितीत नाही’ असे तक्रारदार म्हणते. समोरून तिचीच प्रोफाइल दाखवली जाते आणि फिल्टरमुळे त्यातही तीळ नसतो. म्हणून फिल्टर नसलेले, त्याच काळातले, मूळ फाइलच्या रूपातील एक तरी छायाचित्र जपून ठेवणे उपयोगी ठरते. बनावट ओळखताना केवळ चेहरा पाहून भागत नाही. चेहरा नितळ, पण मान व हात खरखरीत दाणेदार असतील, मान वळवताच कानाजवळची कड थरथरत असेल, चेहऱ्यासमोरून हात गेल्यावर बोटे धूसर होत असतील, तर संशयाला जागा आहे. नुसत्या नितळपणावरून मात्र निष्कर्ष काढू नये. फिल्टर लावलेली खरी चित्रफीतही तशीच दिसते.

आणखी एक धोका तपासाच्या बाजूने संभवतो. फिल्टर लावलेल्या छायाचित्रातील संशयिताचा चेहरा ‘स्पष्ट’ करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे साधनाने रंगवलेली त्वचा हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. अशा चेहऱ्यावरून ओळख पटवली तर निरपराध माणूस गोवला जाऊ शकतो. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. फाइलमध्ये एका पिक्सेलचा बदल झाला तरी हा आकडा बदलतो. तेव्हा ‘सुधारलेली’ प्रत ही पुराव्याच्या दृष्टीने वेगळीच फाइल ठरते.

माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६मध्ये झालेल्या दुरुस्तीने कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृक्श्राव्य मजकुरावर तशी खूण करणे बंधनकारक झाले. सद्हेतूने केलेल्या नित्याच्या संपादनाला त्यातून वगळले आहे. नग्नता किंवा तोतयेगिरीच्या मजकुराबाबत संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यास तो हटवण्याची मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणली गेली. मुदत लहान झाल्याने तक्रारदाराची जबाबदारी वाढते. मजकूर हटण्यापूर्वी त्याचा दुवा, खात्याचे नाव, तारीख-वेळ आणि मूळ चित्रफीत, काटछाट न करता, नोंदवून ठेवावी लागते. तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावर वा जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते; पैशाची मागणी पूर्ण करून बसलेल्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. त्या तक्रारीला फिल्टर नसलेले छायाचित्र जोडलेले असेल, तर तपास अधिकाऱ्याला तुलनेसाठी अंदाजाने रंगवलेल्या चेहऱ्याऐवजी खरा चेहरा मिळतो.