पोहण्याचा जामानिमा घेताना
नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मुले पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. त्यांना गॉगल ठाऊक नव्हता. पण शहरातल्या तलावाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते डोळ्यांना झोंबते आणि कापडही खाते.

म्हणून पालकहो, खरेदीला मुलाला बरोबर न्यावे. गॉगलचा पट्टा डोक्यावर न चढवता नुसत्या वाट्या डोळ्यांच्या खोबणीवर हलकेच दाबाव्यात आणि हात काढावा. दोनतीन सेकंद त्या चिकटून राहिल्या, तर माप बरोबर. लगेच गळून पडल्या, तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच; शिवाय डोळ्यांभोवती वळ उठतील. स्पीडो, अरेना किंवा डेकॅथलॉनचा नाबाइजी, छाप कोणताही असो, लहानांच्या मापाचा, मऊ सिलिकोनच्या कडांचा गॉगल निवडावा.

टोपीही सिलिकोनचीच बरी, लॅटेक्सची केस ओढते. तिने केस कोरडे राहतील ही आशा मात्र धरू नये. ते डोळ्यांवर येत नाहीत, एवढेच.

पोशाख पॉलिस्टरचा टिकतो. लायक्रा जास्त असलेला लवकर सैल पडतो. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठा घेऊ नये. त्यात पाणी भरते आणि नवशिके मूल मागे ओढले जाते.