उशीर गिऱ्हाईकाचा, तोटा मात्र आपला

इंग्लंडमध्ये राहून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना डॉलरमध्ये बिल देणारे आपल्यात बरेच जण आहेत. कोणी सॉफ्टवेअरची कामे घेतात, कोणी माल पाठवतात. वर्षअखेरीस अकाउंटंट हिशेब हाती देतो, त्यात 'विनिमय दरातील तोटा' अशी एक ओळ असते. ती वाचून आपण नशिबाला बोल लावतो आणि पान उलटतो. माझे म्हणणे असे, की त्या ओळीचे दोन तुकडे करून पाहावेत. त्यातला एकच नशिबाचा असतो.

२०२२ सालचे उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबरच्या मिनी-बजेटनंतर पौंड कोसळला आणि २६ तारखेला काही काळ १.०४ डॉलरच्याही खाली गेला. महिनाअखेरीस तो थोडा सावरला. समजा, ३० सप्टेंबरला आपण २४,००० डॉलरचे बिल दिले, मुदत एक महिन्याची. सोयीसाठी दर गोल धरू. त्या दिवशी पौंडाला १.११ डॉलर, म्हणजे वहीत विक्री लागली २१,६२२ पौंडांची. ऑक्टोबरअखेर मुदत संपली तेव्हा दर १.१५ होता. पैसे आले असते तर २०,८७० पौंड मिळाले असते. पण गिऱ्हाईकाने आणखी एक महिना लावला. नोव्हेंबरअखेर दर १.२० झाला आणि हाती पडले नेमके २०,००० पौंड. डॉलर पुरे २४,००० आले, तरी १,६२२ पौंड कमी.

हिशेबाचा नियम सरळ आहे. विक्रीचा आकडा २१,६२२ हाच राहतो. फरक वेगळा नफा-तोट्यात जातो. कंपनीचे वर्ष ३१ ऑक्टोबरला संपत असेल, तर येणे असलेले डॉलर त्या दिवशीच्या दराने पुन्हा मोजतात. म्हणजे ७५२ पौंडांचा तोटा त्या वर्षात आणि उरलेला ८७० पौंडांचा पुढच्या वर्षात दिसतो. एकट्याने धंदा करणारे जे लोक 'कॅश बेसिस'वर हिशेब ठेवतात, ते पैसे आले त्या दिवशीच नोंद करतात. त्यांच्या वहीत हा तोटा दिसतच नाही, पण खिशाला मात्र लागतो.

आता तुकडे पाहा. पहिले ७५२ पौंड आपल्या निर्णयाचे आहेत. डॉलरमध्ये बिल देऊन महिन्याची मुदत आपणच दिली होती. नंतरचे ८७० पौंड निव्वळ उशिराचे. बिलावर वर्षाला आठ टक्के व्याजाची अट असती, तर महिन्याचे १६० डॉलर, म्हणजे जेमतेम १३३ पौंड मिळाले असते. व्याजाने दराचा तोटा भरून निघत नाही.

काही जण बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आधीच बांधून घेतात. उपाय चांगला, पण तो तारखेला बांधलेला असतो. त्या दिवशी डॉलर आले नाहीत तर बाजारातून विकत घेऊन बँकेला द्यावे लागतात, किंवा करार पुढे ढकलावा लागतो. मधल्या काळात पौंड पडला असेल, तर डॉलर महाग झालेले असतात आणि गिऱ्हाईकाचा एक पैसा हाती नसताना फरक खिशातून भरावा लागतो. म्हणून नेहमी उशीर करणाऱ्या गिऱ्हाईकाच्या सगळ्या रकमेचा करार करू नये. करायचाच असेल तर एका दिवसाऐवजी काही आठवड्यांची मुभा असलेला मागावा.

माझ्या मते खरा उपाय काम घेतानाच्या करारात आहे. त्यात एक वाक्य घालावे: मुदतीनंतर पैसे आल्यास, मुदतीच्या दिवशीच्या दराने जितके पौंड झाले असते तितके भरतील एवढे डॉलर द्यावेत. आपल्या उदाहरणात ते २५,०४४ डॉलर झाले असते. कोणता दर धरायचा, बँकेचा की प्रसिद्ध होणारा, हेही तिथेच लिहावे. नाहीतर वाद तिथेच होतो. बिल दिल्यावर मागाहून ही अट लावता येत नाही.

मोठे गिऱ्हाईक ही अट मान्य करणार नाही, असे कोणी म्हणेल. कदाचित नाही करणार. पण मग त्याची उशिराची सवय लक्षात घेऊन भाव सांगता येतो. आणि उशीर होऊन पौंड पडला, फायदा झाला, तर? तो घ्यावा, पण पुढच्या कामाचा भाव त्या फायद्याच्या भरवशावर ठरवू नये. तो आपल्या धंद्याने कमावलेला नसतो.

या वर्षीचे हिशेब हाती आले की प्रत्येक परदेशी बिलापुढे तीन तारखा लिहा: बिलाची, मुदतीची आणि पैसे आल्याची. कोणते गिऱ्हाईक आपल्याला किती महाग पडते, ते त्यावरून कळेल.