कॅफीन गेले, पण चव कोणी नेली?

रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी चहा-कॉफी कमी करायला सांगतो. त्यात एखादा कॉफीचा शौकीन असला की तो हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, ती कॅफीन काढलेली कॉफी चालेल का?" आम्ही होकार देतो. महिन्याभराने तोच सांगतो, "आणली होती, पण चवच नाही हो. कॅफीन काढल्यावर उरणार काय?" हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. चव जाते ती कॅफीन गेल्यामुळे नव्हे. ती जाते कॅफीन काढण्याच्या रीतीमुळे आणि त्यानंतरच्या भाजणीमुळे.

शुद्ध कॅफीन म्हणजे एक पांढरी भुकटी. तिला वास नसतो, चव मात्र कडू असते. पण कॉफीच्या एकूण कडूपणात तिचा वाटा फार तर दहा-पंधरा टक्के. बाकीचा कडूपणा आणि सगळा सुगंध भाजताना तयार होतो. हिरव्या, कच्च्या बीमध्ये साखर, आम्ले आणि प्रथिने असतात. त्यांच्यावर उष्णतेची क्रिया होऊन आपल्या ओळखीचा तो घमघमाट जन्मतो. म्हणूनच कॅफीन नेहमी कच्च्या बीमधून काढतात. भाजलेल्या बीमधून काढू गेल्यास सुगंधच आधी निघून जाईल.

अडचण अशी की कोरड्या बीमधून कॅफीन सुटत नाही. कोणतीही पद्धत घ्या, बी आधी वाफेने किंवा पाण्याने फुगवावीच लागते. आणि गरम पाण्यात जसे कॅफीन विरघळते, तशी साखर आणि आम्लेही विरघळतात. म्हणजे पुढे सुगंध ज्यापासून व्हायचा तो कच्चा मालच पाण्याबरोबर वाहून जातो.

या अडचणीवर काढलेला एक सुरेख तोडगा म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये शोधलेली आणि पुढे कॅनडात मोठ्या प्रमाणावर रुजलेली पाण्याची पद्धत. तिचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले आहे. खारवलेली कैरी साध्या पाण्यात टाकली तर तिचे मीठ पाण्यात उतरते. पण तितक्याच खारट पाण्यात ठेवली तर ते उतरत नाही. तसेच येथे करतात. बियांचा पहिला घाणा गरम पाण्यात भिजवतात. कॅफीन आणि चवीची द्रव्ये दोन्ही पाण्यात उतरतात, आणि त्या बिया टाकून देतात. ते पाणी विशिष्ट कोळशातून गाळले की कॅफीन कोळशाला चिकटते आणि चवीची द्रव्ये पाण्यातच राहतात. आता या पाण्यात नव्या बिया घालतात. साखर आणि आम्ले पाण्यात आधीच भरपूर असल्याने बीमधली बाहेर येत नाहीत. पाण्यात नाही ते फक्त कॅफीन, म्हणून तेवढेच बाहेर पडते. पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि काही तासांत जवळजवळ सगळे कॅफीन निघते. यातही एक उणीव राहते. त्या पाण्यात आधीच्या बियांची चव मुरलेली असते, त्यामुळे एखाद्या मळ्याच्या कॉफीचे खास वैशिष्ट्य थोडे पुसट होते.

दुसरी पद्धत रासायनिक द्रवाची. तिचा आरंभ जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात लुडविग रोझेलियस यांनी केला. १९०६ साली त्यांची कॅफीनविरहित कॉफी बाजारात आली, तेव्हा बेन्झीन वापरीत. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे कळल्यावर ते मागे पडले. आता मेथिलीन क्लोराइड किंवा इथाइल अॅसिटेट वापरतात. मेथिलीन क्लोराइड कॅफीनला नेमके पकडते आणि बाकीच्या द्रव्यांना फारसा हात लावत नाही, त्यामुळे चव बरीचशी शाबूत राहते. इथाइल अॅसिटेट फळांतही आढळते आणि कोलंबियात ते उसापासून करतात. त्या कॉफीला किंचित फळासारखा गोडसर वास येतो.

तिसरी पद्धत कर्बवायूची, म्हणजे सोडावॉटरमधल्या वायूची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात ती शोधली. प्रचंड दाबाखाली हा वायू द्रवासारखा वागतो आणि ओल्या बीमधून कॅफीन उचलतो. चव चांगली टिकते, पण यंत्रसामग्री महाग असल्याने ती मोठ्या कारखान्यांनाच परवडते.

"केमिकल" हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांसाठी दोन शब्द. मेथिलीन क्लोराइड सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, आणि कॉफी भाजतात ती २०० अंशांच्या आसपास. त्यामुळे बीमध्ये ते नाममात्रच उरते. अमेरिकेच्या नियमानुसार भाजलेल्या कॉफीत ते दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. याची वाफ हुंगणाऱ्या कामगाराला मात्र खरा धोका असतो. अमेरिकेने २०२४ साली त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली ती याच कारणाने. कॅफीन काढण्याचे काम तिथल्या अन्नविषयक कायद्याखाली येते, म्हणून ते त्या बंदीत आले नाही. पिणाऱ्याने भ्यावे असे मला यात दिसत नाही.

आता भाजणीकडे वळू. कॅफीन काढलेली कच्ची बी हिरवी राहत नाही, तपकिरी होते. रंगावर नजर ठेवून भाजणारा इथेच फसतो. बी आधीच पोकळ आणि नाजूक झालेली असल्याने ती लवकर करपते, आणि तिच्यातले तेल लवकर पृष्ठभागावर येते. तेल वर आलेली बी हवेने लवकर शिळी होते. अशा कॉफीला पुठ्ठ्यासारखा किंवा जळक्या मक्यासारखा वास येतो. आमच्या रुग्णाची "चव नाही" ही तक्रार बहुधा इथली असते.

शेवटी हिशेब पाहू. अरेबिका जातीच्या बीमध्ये सुमारे १.२ टक्के कॅफीन असते. म्हणजे एका कपासाठी घेतलेल्या १० ग्रॅम पुडीत १२० मिलिग्रॅम. त्यातले ९७ टक्के काढले तरी ३.६ मिलिग्रॅम उरते. एका कपाने झोप उडणार नाही, पण "कॅफीनविरहित" म्हणजे शून्य कॅफीन नव्हे. दिवसाकाठी सात-आठ कप रिचवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आणखी दोन गैरसमज काढून टाकावेत. चिकोरीत कॅफीन नसते हे खरे, पण चिकोरी मिसळली म्हणून कॉफीतले कॅफीन नाहीसे होत नाही, केवळ चमच्यातली कॉफी कमी होते. आणि कॅफीन काढलेल्या कॉफीनेही पोटात आम्ल सुटते. त्यामुळे आम्लपित्तवाल्यांना ती औषध ठरणार नाही.

तेव्हा धडधडीसाठी किंवा झोपेसाठी ही कॉफी घ्यायची असेल तर जरूर घ्या. पाकिटावर पद्धत लिहिली आहे का ते पाहा, भाजल्याची तारीख जवळची निवडा, लहान पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बी तेलकट, काळपट दिसली तर ती दुकानदाराकडेच राहू द्या. चव बेताची निघालीच, तर दोष कॅफीनच्या अभावाला देऊ नका. दुधाच्या कॉफीत जायफळाची चिमूट टाकायला आपल्याकडे कोणी शिकवावे लागत नाही.