लायसन्स खरं असतं, पण ते नेमकं कशाचं?

मॅचच्या सीझनमध्ये ग्रुपवर एखादी बेटिंगची लिंक येतेच. उघडली की पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ दिसते: अमुक कंपनीला तमुक रेग्युलेटरचं लायसन्स आहे. शेजारी एक शिक्का आणि नंबर. आपण ती ओळ वाचत नाही, पण ती आहे एवढं डोळ्यांनी टिपतो आणि निर्धास्त होतो. सरकारमान्य आहे म्हणजे पैसे बुडणार नाहीत, असा हिशेब मनात आपोआप होतो.

हा हिशेब किती खरा, हे तपासायचं तर जिथे नियम सगळ्यात कडक मानले जातात तिथलंच उदाहरण घ्यायला हवं. म्हणून आपण ब्रिटनला जाऊ. तिथे ‘गॅम्बलिंग कमिशन’ ही संस्था जुगाराच्या कंपन्यांना लायसन्स देते. त्यांच्याकडून लायसन्स घेतलेली एक कंपनी मार्च २०२१ मध्ये आठवडाभरात कोसळली. तिचं नाव ‘फुटबॉल इंडेक्स’.

शेअर बाजारासारखं दिसणारं बेटिंग

फुटबॉल इंडेक्स २०१५ मध्ये सुरू झालं. आयडिया भन्नाट होती. तुम्ही एखाद्या फुटबॉलपटूचे ‘शेअर’ घ्यायचे. तो मैदानावर चमकला किंवा बातम्यांत गाजला की तुम्हाला ‘डिव्हिडंड’ मिळणार. त्याचा भाव वाढला तर शेअर दुसऱ्या कुणाला तरी विकता येणार. स्क्रीनवर पोर्टफोलिओ, भाव, हिरवे-लाल आकडे, सगळं ट्रेडिंग ॲपसारखंच.

कायद्याच्या नजरेत मात्र तो शेअर नव्हताच. ती तीन वर्षं चालणारी एक बेट होती. कंपनीकडे ब्रिटन आणि जर्सी अशा दोन ठिकाणची लायसन्स होती, पण दोन्ही जुगाराची. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबांच्या जर्सीवर तिचं नाव झळकत होतं. लोकांचा विश्वास बसायला आणखी काय हवं?

५ मार्च २०२१ ला कंपनीने जाहीर केलं की एका शेअरवर मिळू शकणारा कमाल डिव्हिडंड ३३ पेन्सवरून ६ पेन्सवर आणतोय. डिव्हिडंडच नाही तर शेअर कोण घेणार? भाव धाडकन खाली आले. ११ मार्चला प्लॅटफॉर्म बंद पडला आणि त्याच दिवशी कमिशनने लायसन्स निलंबित केलं. तोपर्यंत ग्राहकांचे सुमारे ९ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ९०० कोटी रुपये, अशा उघड्या बेट्समध्ये अडकले होते.

हजार पौंडांचं काय झालं?

आता लायसन्सचा खरा अर्थ एका हिशेबातून बघू. समजा लीड्समधल्या एका विद्यार्थ्याने १,००० पौंड भरले होते. त्यातल्या ९०० पौंडांत त्याने ३ पौंडांना एक असे ३०० शेअर घेतले. उरलेले १०० पौंड खात्यात तसेच ठेवले. स्क्रीनवर त्याला एकच आकडा दिसतो: माझे हजार पौंड.

कंपनी बुडाल्यावर या हजाराचे दोन तुकडे होतात. खात्यात पडून असलेले १०० पौंड हे ‘ग्राहकाचे पैसे’, कारण ते पुढच्या बेटसाठी ठेवलेले आहेत. फुटबॉल इंडेक्सने असे पैसे वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवले होते. ते वाटायलाही हायकोर्टाचा निर्णय घ्यावा लागला, पण निदान ते होते.

बाकीच्या ९०० पौंडांची गोष्ट वेगळी. बेट लावली त्या क्षणी ते कंपनीचे झाले. विद्यार्थ्याच्या हातात उरलं ते फक्त एक वचन, की पुढे काही घडलं तर कंपनी पैसे देईल. कंपनीच बुडाली म्हटल्यावर त्या वचनासाठी इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं. ट्रस्टचं कवच त्याला नाहीच. ज्याला तो गुंतवणूक समजत होता, ती आधीच खर्च झालेली रक्कम होती.

आपल्याकडे बँक बुडाली तर ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा आहे, हे तुम्हाला माहीत असेल. ब्रिटनमध्येही बँक ठेवींसाठी अशी योजना आहे. जुगाराच्या खात्याला ती लागू होत नाही. भरपाई द्या, अशी मागणी ग्राहकांनी सरकारकडे केली. सरकारने नाही म्हटलं.

इथे एक बारकावा आहे. जे १०० पौंड वाचले, तेही सगळीकडे वाचतीलच असं नाही. ब्रिटनचा नियम कंपनीला सांगतो की ग्राहकांचे पैसे किती सुरक्षित आहेत ते तुमच्या अटींमध्ये लिहा. त्यासाठी तीन पायऱ्या आहेत: संरक्षण नाही, मध्यम संरक्षण, उच्च संरक्षण. म्हणजे ‘आमच्याकडे तुमच्या पैशांना संरक्षण नाही’ असं लिहूनही कंपनी लायसन्सधारक राहू शकते! नियम मोडलेला नसतो. तुम्ही वाचलेलं नसतं.

शिक्का होता, चौकशीही चालू होती

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग पुढे आहे. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे कंपनी कोसळण्याच्या चौदा महिने आधी, कमिशनला एक इशारा मिळाला होता: हा फुटबॉलच्या शेअर बाजाराच्या मुखवट्याआडचा धोकादायक पिरॅमिड आहे. मे २०२० मध्ये कमिशनने लायसन्सची औपचारिक फेरतपासणी सुरू केली. ती चालू असताना पुढचे दहा महिने वेबसाइटवर शिक्का तसाच होता, लोक पैसे भरतच होते.

नंतर सरकारने मॅल्कम शीहन या वकिलांकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली. सप्टेंबर २०२१ च्या त्यांच्या अहवालात दिसलं की लायसन्स मागताना कंपनीने आपलं प्रॉडक्ट नेमकं काय आहे हे नीट सांगितलं नव्हतं, आणि कमिशनने ते लवकर बारकाईने तपासायला हवं होतं. दुसरीकडे ब्रिटनची आर्थिक नियामक संस्था आणि जुगाराचा रेग्युलेटर यांच्यात ‘हे नक्की कुणाच्या अखत्यारीत येतं’ याचा घोळ लवकर सुटला नाही.

म्हणजे लायसन्स हा त्या दिवशी भरलेल्या अर्जाचा निकाल असतो. आज कंपनीच्या हिशेबात काय चाललंय, धंद्याचं गणित टिकणारं आहे का, याचं ते प्रमाणपत्र नाही.

मग लायसन्स काहीच करत नाही?

असंही नाही. ब्रिटनमधल्या लायसन्समुळे काही गोष्टी खरोखर मिळतात. गेमचं सॉफ्टवेअर तपासलेलं असतं, म्हणजे नियमात लिहिलंय तसंच ते चालतं. ‘गॅमस्टॉप’वर एकदा नाव नोंदवलं की लायसन्स असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना तुम्हाला खेळू देणं बंद करावं लागतं. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डवर जुगार खेळता येत नाही. आणि तुमच्या वयाची गोष्ट म्हणजे, २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये एका डावाला कमाल ५ पौंड लावता येतात, पण १८ ते २४ वयाच्या खेळाडूला फक्त २ पौंड.

पण ‘तपासलेला गेम’ म्हणजे काय, तेही समजून घ्या. समजा एका स्लॉटचा परतावा ९६ टक्के आहे. तुम्ही १ पौंडाचे ५०० डाव खेळलात, तर सरासरी २० पौंड जाणार. एखाद्याचे जास्त जातील, एखादा जिंकेलही, पण गणित कंपनीच्या बाजूचं आहे आणि ते तसंच आहे ना, एवढंच तपासलं जातं. गेम प्रामाणिक आहे म्हणजे तो तुमच्या फायद्याचा आहे असं नव्हे.

भांडण झालं तर? कमिशन तुमचे पैसे मिळवून देत नाही. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा हे त्यांचं कामच नाही. आधी कंपनीकडे तक्रार करायची. आठ आठवड्यांत मिटलं नाही तर मान्यताप्राप्त तटस्थ मध्यस्थाकडे जायचं. त्याची फी खेळाडूकडून घेत नाहीत. पण रक्कम मोठी असेल तर कोर्टच. जानेवारी २०१८ मध्ये बेटफ्रेडच्या ब्लॅकजॅक गेममध्ये एक जण सुमारे १७ लाख पौंड जिंकला. सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती म्हणून कंपनीने पैसे नाकारले. हायकोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण एप्रिल २०२१ मध्ये. लायसन्स असलेली कंपनी होती, तरी तीन वर्षं तो स्वतःच लढत होता.

आणि आपल्या मोबाइलवरची लिंक?

हे सगळं संरक्षण, जेवढं आहे तेवढं, ब्रिटनमध्ये बसून खेळणाऱ्यासाठी आहे. रेग्युलेटरची सत्ता त्याच्या हद्दीपुरती. आपल्याकडे येणाऱ्या लिंकांवर बहुतेकदा कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाचं नाव असतं. ते लायसन्स खरं असलं तरी पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून तुम्ही कोणत्या मध्यस्थाचं दार ठोठावणार?

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात शिक्षेचा रोख असे गेम चालवणाऱ्यांवर, त्यांची जाहिरात आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्यांवर आहे. तेव्हा परदेशी लायसन्सचा शिक्का दाखवून ‘हे इथे लीगल आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्या शिक्क्याचा आणि त्या दाव्याचा काही संबंध नाही.

परदेशात शिकायला जाणाऱ्यांपैकी कुणाला तिथे अशी साइट दिसली, तर लायसन्स नंबर त्या साइटवर न बघता रेग्युलेटरच्या स्वतःच्या नोंदवहीत शोधा. कंपनीचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता दोन्ही जुळतात का, लायसन्सवर कारवाई चालू आहे का, हे तिथे कळतं. मग अटींमध्ये ग्राहकांच्या पैशांबद्दलची ओळ काढा आणि तीनपैकी कोणती पायरी लिहिली आहे ते वाचा. आणि स्क्रीनवरच्या बॅलन्समधून लावलेल्या बेट्स वजा करा. उरेल तेवढ्याच रकमेबद्दल ती ओळ बोलत असते.